चुण्या, टिचबटणं आणि खांद्याचं माप

जूनचा दुसरा आठवडा होता. मला पाचवा लागायला थोडेच दिवस होते आणि ऑफिसात अजून फक्त माझ्या साहेबांनाच माहीत होतं. शिवाजीनगरच्या आमच्या ऑफिसात मी कर्जविभागात आहे. रोज चार-पाच ग्राहक समोरच्या खुर्चीत येऊन बसतात, आठवड्यातून दोनदा मीटिंग असते. युनिफॉर्म नाही, पण नीटनेटकं दिसणं गृहीत धरलेलं आहे. त्या सकाळी काळी पँट चढवली आणि बटण काजापर्यंत पोहोचेना. आदल्या शुक्रवारी ती लागली होती.

केसांचं रबर काजातून ओवून बटणाला अडकवायचं, ही युक्ती मैत्रिणीने सांगितली होती. ती चालते, पण जेमतेम पंधरा दिवस. उभं असताना ठीक वाटतं, पण बसलं की चेन हळूहळू खाली सरकते. वर लांब कुर्ता असला तरी ती सरकलीय हे आपल्याला सतत जाणवत राहतं आणि हात सारखा कुर्ता खाली ओढायला जातो. समोरच्याशी व्याजदराबद्दल बोलताना माझं निम्मं लक्ष त्या रबराकडे असायचं.

मग मी बहुतेक जणी करतात तेच केलं. लक्ष्मी रोडवर जाऊन दोन माप मोठे, एक्सएल कुर्ते आणले, तीन. पोटावर ते सैल बसले आणि दोन दिवस फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या आरशात पाहिलं तर कुर्ता मला दुसऱ्या कुणाचा तरी दिसत होता. बाहीचा जोड खांद्यावरून खाली दंडावर आलेला, फाइल घ्यायला वाकलं की गळा पुढे लोंबणारा, बाही मनगटाच्या खाली येऊन हातात गोळा होणारी. सैल कपडा आणि गबाळा कपडा यांत नेमका फरक कशाचा आहे, हे मला तेव्हा समजत नव्हतं. फक्त दिसत होतं.

ते समजावलं आमच्या शिवणाऱ्या मावशींनी. कोथरूडला आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान आहे. माझ्या लग्नातले ब्लाउज त्यांनीच शिवले. एक्सएलचे खांदे आत घ्यायला मी त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी कुर्ता टेबलावर पसरला, वर माझा एक जुना कुर्ता ठेवला आणि टेप लावली. माझा खांदा चौदा इंच. नव्याचा साडेपंधरा. म्हणजे दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच जास्त. "अगं, पोट वाढतंय तुझं, खांदा कुठे वाढतोय?" म्हणाल्या. "छाती वाढेल, बरगड्यांचा घेर थोडा वाढेल, पोट वाढेल. पण खांदा, गळा, बाहीची लांबी हे सगळं आहे तसंच राहणार. माणूस बघतो तो खांदा आणि गळा. तो मापात असला की खाली कितीही घेर असू दे, कपडा शिवून घेतलेला दिसतो." तयार कपड्यात माप वाढलं की सगळंच वाढतं, आणि मला तर फक्त मधलं वाढवायचं होतं.

खांदा कापून बाही पुन्हा बसवली तर मुंढा बिघडतो, म्हणून ते तीन कुर्ते त्यांनी परतच दिले. ते मी घरात वापरले. ऑफिससाठी कापड आणून शिवायचं ठरलं. पाच कुर्ते. पाच का, तर पावसाळा. जुलैत पुण्यात जाडसर सुती कपडा दोन दिवस वाळत नाही, आणि गरोदरपणात घाम इतका येतो की एक कपडा दुसऱ्या दिवशी घालायची सोय नसते. एक अंगात, एक धुवायला, दोन दोरीवर, एक कपाटात असा तो हिशोब. कापड कॉटन कॅम्ब्रिक घेतलं. मलमल मऊ असते, पण पोटावर ताणली की आरपार दिसते. रेयॉन सुंदर सुळसुळतं, पण अंगाला चिकटतं आणि सातव्या महिन्यानंतर बाहेर आलेली बेंबीसुद्धा त्यातून दिसते. कॅम्ब्रिकला थोडा ताठपणा असतो, इस्त्री टिकते, आणि तरी ते उकडत नाही.

पहिला कुर्ता फसला, आणि तो का फसला ते सविस्तर सांगते, कारण दुकानात मिळणाऱ्या निम्म्या कुर्त्यांत हाच दोष असतो. छातीखाली जोड आणि त्याखाली चुण्या, अशी साधी रचना होती. मावशींनी माझं त्या दिवसाचं माप घेतलं. छातीखालचा जोड खांद्यापासून साडेबारा इंचांवर आला आणि खालची कड पुढेमागे सारख्या लांबीची. जूनच्या शेवटी कुर्ता छान बसला. ऑगस्टच्या शेवटी, सातव्या महिन्यात, दोन गोष्टी झाल्या. छाती वाढली तसा तो जोड वर चढून छातीच्या उतारावर आला आणि आडवी घडी पडू लागली. आणि कुर्त्याची पुढची कड गुडघ्यावर दोन इंच वर गेली, मागची होती तिथेच राहिली. बाजूने पाहिलं तर कुर्ता पुढून उचलल्यासारखा दिसायचा. कापड पोटावरून वळसा घेऊन खाली येतं, त्या वळशात लांबी जाते, हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. खाली दुमडीत फक्त अर्धा इंच होता, त्यामुळे सोडायलाही काही नव्हतं.

सुदैवाने बाकीचे चार तोवर शिवलेले नव्हते. मीच म्हटलं होतं की पहिला घालून बघते, मग पुढचे. ज्या कुणाला शिवून घ्यायचे आहेत त्यांनी हे जरूर करावं.

दुसऱ्या वेळी मावशींनी मापं वेगळ्या पद्धतीने घेतली. एक जाड टॉवेल घडी करून माझ्या पोटावर ओढणीने बांधला, नवव्या महिन्याच्या अंदाजाने, आणि त्यावरून टेप फिरवली. खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून छातीवरून, पोटावरून गुडघ्यापर्यंत पुढची लांबी, आणि मग मागची. फरक जवळपास अडीच इंच आला. पुढचा भाग त्यांनी मध्यभागी तेवढा लांब कापला आणि कडेच्या शिवणीकडे येताना तो उतरवत मागच्याशी जुळवला. जोड साडेबाराऐवजी साडेतेरा इंचांवर घेतला. सुरुवातीला तो थोडा खाली वाटला, पण आठव्या महिन्यात बरोबर छातीखाली बसला. पुढच्या भागात सहा चुण्या, प्रत्येकीत दीड इंच कापड, म्हणजे नऊ इंचांचा घेर लपलेला. पोट लहान असताना चुण्या मिटलेल्या राहतात, वाढेल तशा उघडतात. मागून जोडाच्या दोन्ही टोकांना दोऱ्या, म्हणजे पाठीवर गाठ मारून हवं तेवढं आवळता येतं. आणि कडेच्या शिवणीत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया.

खांदा मात्र चौदा. गळ्याला पाऊण इंचाची उभी पट्टी, बाही कोपराखाली तीन इंचांवर, आणि गळ्यापासून जोडापर्यंत बक्रम लावलेली ताठ पट्टी. ऑफिसचा कपडा ऑफिसचा दिसतो तो या वरच्या एका फुटात. खालच्या चुण्यांकडे कुणी पाहतच नाही.

मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो माझ्या डोक्यातही आला नव्हता. "रजा संपल्यावर अंगावर पाजणार ना? मग आत्ताच सोय करून ठेवू." मी म्हटलं, मावशी, अजून दोन-अडीच महिने आहेत बाळ यायला. त्या म्हणाल्या, "तेव्हा तुला इथे यायला वेळ नसणार."

तीन कुर्त्यांना त्यांनी दुहेरी वरचा भाग केला. आतला थर पातळ सुती अस्तराचा. कुर्त्याचा खालचा घेर या आतल्या थराला जोडलेला. त्या थराला दोन्ही बाजूंना सात इंचांच्या उभ्या चिरा, कडा पट्टीने बांधलेल्या. बाहेरचा थर कॅम्ब्रिकचा. तो जोडावर दीड इंच खाली येतो आणि खालून मोकळा असतो, फक्त तीन टिचबटणांनी बसवलेला. बटणं सोडून बाहेरचा थर उचलला की आतली चीर मिळते. बाहेरून पाहणाऱ्याला तो साधा योक असलेला कुर्ता दिसतो. गरोदरपणात चिरांना काम नव्हतं, म्हणून त्यांवर कच्चा टाका घालून ठेवला होता. बाळंतपणानंतर तो टाका मी माहेरी बसल्या बसल्या सेफ्टीपिनने काढला.

पाचव्या कुर्त्याला उभ्या शिवणीत लपवलेल्या दोन चेन लावल्या. दिसायला तो सगळ्यांत सुरेख होता, वापरायला सगळ्यांत त्रासाचा. नायलॉनची बारीक दात्यांची चेन घेऊनही वरचं टोक त्वचेला टोचायचं. कापड धुऊन जरा आकसलं आणि चेन आकसली नाही, त्यामुळे छातीवर दोन उभ्या लाटा आल्या. मावशींनी नंतर चेनचं टोक कापडाच्या तुकड्याने झाकलं आणि मागून बक्रमची पट्टी चिकटवली, तेव्हा तो बरा झाला. चेन हवी असेल तर कापड आधी एकदा भिजवून घ्यावं, हे त्यातून कळलं.

खालचं काम सोपं होतं. माझ्या दोन जुन्या पँटींचा पट्टा आणि चेन मावशींनी उसवून काढली, पुढची चीर शिवून टाकली, कंबर पुढून बेंबीखाली अर्धगोल उतरवली आणि तिथे टी-शर्टच्या गळ्याला असतं तसलं रिबचं ताणणारं कापड आठ इंच रुंद लावलं. तो पट्टा पोटावरून वर छातीखाली येतो. कुर्त्याखाली तो दिसत नाही, आणि पायाकडून ती तीच इस्त्रीची घडी असलेली ऑफिसची पँट राहते. साडी मी त्या काळात एकदाच नेसले, वर्धापनदिनाला. परकराची नाडी पोटाखाली बांधली, तीन तासांनी सोडली तर बोटाएवढा लाल चर पडलेला होता. नाडी बारीक असते आणि साडीचं सगळं वजन तिच्यावर येतं. पुन्हा नेसायची झाली तर नेफ्यात दीड इंची इलॅस्टिक घालून, एवढं तेव्हाच ठरवलं. चपलांचं म्हणाल तर संध्याकाळी पाय सुजतात, म्हणून त्या संध्याकाळीच घ्याव्यात. मागे पट्टा असलेल्या, सपाट आणि पावसात न घसरणाऱ्या.

एका गोष्टीने मला सगळ्यांत जास्त साथ दिली, आणि ती मी शिवूनही घेतली नव्हती. नवऱ्याच्या आतेबहिणीने दिलेली खादीची बिनबाह्यांची लांब कोटी, गडद निळी, बटण न लावता घालायची. पुढून दोन सरळ उभ्या कडा खाली येतात आणि मधे कुर्त्याची फक्त एक वीतभर पट्टी दिसते. ग्राहक यायच्या आधी मी ती चढवायची. तिला खिसे होते. किल्ल्या, रुमाल, आणि पुढच्या काळात दूध शोषणारे, बदलायचे पॅड, सगळं त्यांत मावायचं. कोटी खांद्याला नीट बसत असली आणि नितंबांच्या खालपर्यंत येत असली तरच उपयोगाची. कमरेपर्यंतची आखूड कोटी पोटाच्या वरच संपते आणि पोट आणखी मोठं दाखवते.

प्रसूतीच्या तारखेच्या तीन आठवडे आधी मी रजेवर गेले. कायद्याने सव्वीस आठवडे मिळतात, त्यांतले जास्तीत जास्त आठ आधी घेता येतात. मी मुद्दाम कमी घेतले, म्हणजे पुढचे जास्त उरावेत. नोव्हेंबरात मुलगी झाली, सीझर करावं लागलं.

सीझरची आडवी जखम ओटीपोटाच्या अगदी खाली असते, आणि माझ्या सगळ्या जुन्या पँटींचा, सलवारींचा पट्टा बरोबर त्याच रेघेवर येत होता. टाके सुकून दोन महिने झाले तरी तिथे बधिरपणा होता, मधूनच खाज यायची, आणि इलॅस्टिक घासलं की आग व्हायची. म्हणून बाळंतपणानंतरच्या कपड्याला पहिली अट ही की कंबर जखमेच्या वर, बेंबीच्या उंचीवर यावी. गरोदरपणातल्या रिबच्या पट्ट्याच्या पँटी इथे पुन्हा कामाला आल्या, कारण पट्टा जखमेवरून अलगद वर जातो, तिथे कड येत नाही. पण रजा संपून मी एप्रिलच्या शेवटी कामावर जाणार होते, आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये पोटावर आठ इंचांचं होजिअरी कापड सहन होत नाही. मावशींनी दोन सरळ कटाच्या सुती पँटी शिवल्या, पुढून सपाट आणि मागून दीड इंची इलॅस्टिक. पाऊण इंची इलॅस्टिक काचतं, बसलं की गुंडाळतं. रुंद आपल्या जागी राहतं.

कामावर जायच्या दहा दिवस आधी मी घरी एक दिवस पूर्ण ऑफिसच्या कपड्यांत काढला. सकाळी नऊला तयार होऊन खुर्चीत बसले, दर तीन तासांनी पंपाने दूध काढलं, बाळाला घेतलं, जेवले. हे करून बघितलं नसतं तर पुढच्या तीन चुका ऑफिसात कळल्या असत्या.

पहिली, वरचा थर. पंप लावताना बाहेरचा थर उचलून धरायला तिसरा हात लागतो. त्यावर उपाय म्हणून मावशींनी खांद्याच्या शिवणीत आतून एक छोटं काज केलं, आणि बाहेरच्या थराच्या मधल्या टिचबटणाशेजारी एक साधं बटण लावलं. थर वर दुमडून ते बटण काजात अडकवायचं, हात मोकळे. दुसरी, ब्रा. छत्तीसाव्या आठवड्यात मी पाजायच्या चार ब्रा एकदम घेतल्या होत्या. बरगड्या नंतर आत जातात, म्हणून सगळ्यांत सैल हुकावर बसेल अशी घ्यायची, हे मला माहीत होतं आणि ते बरोबर निघालं. पण दूध आल्यावर कप लहान पडले. आधी दोनच घ्यायला हव्या होत्या, बाकीच्या दीड-दोन महिन्यांनी, दूध स्थिरावल्यावर. घट्ट कपाने एका बाजूला गाठ धरली, दोन दिवस दुखत होतं. तारेची ब्रा तर त्या काळात नकोच.

तिसरी चूक मला आरशाने दाखवली. गरोदरपणातले कुर्ते छातीपासून घेर सोडतात. बाळंतपणानंतर पोट एकदम सपाट होत नाही, पाच महिन्यांनीसुद्धा माझं थोडं पुढे होतंच. त्यावर त्या सहा चुण्या उघडल्या की मी पुन्हा पाचव्या महिन्यातली दिसत होते. त्याच आठवड्यात सोसायटीच्या लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या आजींनी प्रेमाने विचारलं, "कितवा गं?" बाळ त्या वेळी माझ्या कडेवर नव्हतं. मी "झालं ना आजी, मुलगी" म्हटलं आणि घरी येऊन बराच वेळ बसून राहिले.

मावशींकडे गेले तेव्हा मला वाटलं होतं, सगळे नव्याने शिवावे लागतील. त्यांनी कुर्ता अंगावर चढवायला लावला आणि चुण्या बोटांत धरल्या. मधल्या चार चुण्यांवर जोडापासून खाली सहा इंच टीप मारली, म्हणजे तिथवर त्या मिटलेल्या राहतात आणि घेर बेंबीच्या खाली सुटतो. कडेच्या दोन मोकळ्या ठेवल्या, बसताना पोटाला जागा हवी म्हणून. पाठीवरच्या दोऱ्या आवळल्या. एवढ्याने कुर्त्याला पुन्हा कंबर आली.

पण आता उलटी अडचण. पुढची अडीच इंच जादा लांबी, जी आधी पोटाच्या वळशात जायची, ती आता खाली लोंबत होती. खालून कापली तर दुमडीचा आकार बिघडतो. मावशींनी बाहेरचा थर उचलला, त्याखालचा पुढचा जोड उसवला आणि खालचा घेर दोन इंच वर ओढून पुन्हा टीप मारली. जादा कापड कापलं नाही, आत दुमडून ठेवलं. वरून थर खाली सोडला की तो जोड झाकला जातो, काही केल्याचं दिसत नाही. एका कुर्त्याला पाऊण तास लागला. चेनच्या कुर्त्याला झाकणारा थर नव्हता, म्हणून त्याचं हे करता आलं नाही, आणि पहिला फसलेला कुर्ता मात्र आता सरळ दिसू लागला, कारण पोट नसताना त्याची कड पुढेमागे सारखीच येत होती.

कामावर गेल्यावरचा पहिला आठवडा मला दुधाच्या डागांनी आठवतो. साडेअकराची मीटिंग बारापर्यंत लांबली, पंपाची वेळ टळली, आणि फिक्या निळ्या कुर्त्यावर डाव्या बाजूला रुपयाएवढा गोल उमटला. कोटी पाठीमागच्या खुर्चीवर होती. मी फाइल छातीशी धरून उठले. ऑफिसात दूध काढायला जागा म्हणून मला जुन्या कागदपत्रांची खोली मिळाली होती. कडी नसल्याने दार आतून खुर्चीने अडवावं लागे. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी वेगळी सुट्टी कायद्यात आहे, ती मी लेखी मागितली तेव्हा मिळाली आणि खोलीला कडीही बसली. तोवर त्या खोलीत कपडा पटकन उघडता आणि पटकन मिटता येणं याला किती किंमत आहे ते कळलं. समोरून बटणांचा कुर्ता गळ्यापासून सगळा उघडावा लागतो. थराचा कुर्ता बारा सेकंदांत मिटतो आणि दार वाजलं तरी धडधडत नाही.

रंगांबद्दल माझा अंदाज चुकला होता. गडद रंगावर दिसणार नाही असं वाटलं होतं, पण साध्या गडद निळ्यावर ओला डाग काळा होऊन ठळक दिसतो. फिका राखाडी आणि आकाशी तर सगळ्यांत वाईट. डाग खरा लपतो तो बारीक, दाट छापात. माझा कलमकारीसारख्या छापाचा तपकिरी कुर्ता दोनदा भिजला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही कळलं नाही. म्हणून महत्त्वाच्या मीटिंगला तोच, आणि साधे रंग कोटीखाली. पॅड दर तीन तासांनी बदलायचे, ओले होवोत न होवोत. टेबलाच्या खालच्या खणात एक इस्त्री केलेला कुर्ता आणि एक ब्रा प्लॅस्टिकच्या पिशवीत कायम. दुधाचा डाग आधी थंड पाण्यात चोळावा. गरम पाण्यात टाकला तर दुधातलं प्रथिन धाग्यात बसतं आणि पिवळट कडा राहते. माझा एक पांढरा अस्तराचा थर असाच गेला.

मुलगी दहा महिन्यांची झाली तेव्हा ऑफिसातला पंप बंद झाला. तेराव्या महिन्यात माझ्या जुन्या पँटी लागायला लागल्या, फक्त कंबर एक इंच सोडवून. जखमेवर आता पट्टा टोचत नाही. चुण्यांचे कुर्ते तरी मी घालतच होते, छाती आणि कडांमधली माया आत घेऊन. धुऊन धुऊन कॅम्ब्रिक इतकं मऊ झालंय की टाकवत नाही.

गेल्या महिन्यात आमच्याच विभागातल्या एका मुलीने जेवणाच्या सुट्टीत हळूच सांगितलं, चौथा चालू आहे, अजून कुणाला बोललेले नाही, आणि पँटीला रबर लावलंय. मी दुसऱ्या दिवशी तपकिरी छापाचा आणि आणखी एक असे दोन कुर्ते पिशवीत घालून आणले आणि संध्याकाळी तिला घेऊन मावशींकडे गेले. चुण्यांवरची टीप उसवायची, वर ओढलेला घेर पुन्हा खाली सोडायचा, चिरांवर कच्चा टाका घालायचा, हे सगळं मी रस्त्याने तिला सांगत होते. मावशींनी कुर्ता तिच्या अंगावर धरला, चष्मा वर केला, टेप पाठीवर लावली आणि म्हणाल्या, "साडेतेरा. आधी खांदा घेऊ."